वाचनालयासाठी आवाहन: गोष्ट मुलीची, मागणी पुस्तकांची

प्रश्न: आमच्या गावच्या जिल्हा परिषद शाळेत वाचनालय करायचं आहे. मुंबईतल्या गावकऱ्यांच्या सभेत मला पाच मिनिटं मिळणार आहेत. एखाद्या विद्यार्थ्याची गोष्ट सांगून निधी मागायचा आहे. हे भाषण कसं लिहू? नमुना मिळेल का?

मी पाटण तालुक्यातल्या डोंगरात एका लहान शाळेवर शिक्षक आहे. आमच्या गावची निम्मी माणसं नवी मुंबईत माथाडी कामात आहेत, त्यामुळे तुम्ही म्हणता तशा सभेत मी दोनदा उभा राहिलो आहे. पहिल्या वर्षी माझं चुकलं, दुसऱ्या वर्षी जमलं. फरक कुठे पडला ते आधी सांगतो, मग नमुना देतो.

पहिल्या वर्षी मी एका मुलीच्या घरची ओढाताण सांगितली. वडील बाहेरगावी, आई दुसऱ्याच्या रानात, मुलगी अनवाणी शाळेत येते, आणि अशा मुलांसाठी आपल्याला वाचनालय हवं आहे. लोकांचे डोळे भरून आले. सभा संपल्यावर एकाने तिला गणवेश घ्यायचं कबूल केलं, एकाने वर्षभराच्या वह्या देतो म्हटलं, एका वहिनींनी दोन हजार रुपये माझ्या हातात ठेवून ‘तिच्या आईला द्या’ म्हणून सांगितलं. वाचनालयाला मिळाले ३,१०० रुपये. आणि त्या मुलीचा चुलता मागच्या रांगेत बसला होता, तो भाषण चालू असतानाच उठून बाहेर गेला. चार माणसांत त्याच्या घरची अब्रू मी काढली होती. ती गोष्ट मला अजून लागते.

लोकांचं काहीच चुकलं नव्हतं. मी घरची उणीव दाखवली, त्यांनी घरासाठी पैसे दिले. आपण जी उणीव डोळ्यांसमोर उभी करतो, तीच भरायला माणूस खिशात हात घालतो. म्हणून गोष्टीतली उणीव पुस्तकाचीच हवी, घरची नको. गोष्ट ऐकून कुणी ‘बिचारी’ म्हणालं तर ती बदला. ‘मग पुढं काय झालं?’ असं विचारलं तर ती ठेवा. सभेच्या आधी घरात दोघातिघांना वाचून दाखवलं की हे लगेच कळतं.

अशी गोष्ट शोधायला मला फार लांब जावं लागलं नाही. आमच्याकडे एक पत्र्याची पेटी होती, त्यात पन्नासेक जुनी पुस्तकं. एका पावसाळ्यात पेटीत वाळवी शिरली आणि विहिरीत पडलेल्या कोल्ह्याच्या गोष्टीची शेवटची चार पानं गेली. चौथीतल्या एका मुलीने चौकटीच्या वहीचं पान फाडलं, त्यावर स्वतःचा शेवट लिहिला आणि बाभळीच्या काट्याने पुस्तकाला टाचला. दुसऱ्या दिवशी तिसरीतला एक मुलगा ते पुस्तक घेऊन माझ्याकडे आला. म्हणाला, ‘गुरुजी, हिनं खोटं लिहिलंय. कोल्हा असा वर येणारच नाही.’ मधल्या सुट्टीत दोघांचं त्यावरून कडाक्याचं भांडण झालं. या गोष्टीत कुणाची गरिबी नाही. चार पानं नाहीत, एवढंच.

आता एकच मूल का, सगळ्या पटाची माहिती का नको, असं तुमच्या समितीत कुणीतरी विचारेल. २००७ साली डेबोरा स्मॉल, जॉर्ज लोवेनस्टीन आणि पॉल स्लोव्हिक यांचा अमेरिकेतला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. मालीतल्या सात वर्षांच्या एका मुलीची गोष्ट वाचून लोकांनी सरासरी २.३८ डॉलर दिले, नुसती दुष्काळाची आकडेवारी वाचून १.१४, आणि गोष्टीला आकडेवारी जोडली तेव्हा १.४३. पुढे हाच प्रयोग पुन्हा केला तेव्हा असा ठळक फरक दिसला नाही, म्हणून मी त्याला ब्रह्मवाक्य मानत नाही. पण आमच्या सभेत मात्र पटाचे, इयत्तांचे, शासनाच्या निकषांचे आकडे सुरू झाले की लोक चहाकडे बघायला लागतात, हे मी दोन्ही वर्षी पाहिलं. आकडे कागदावर ठेवा आणि विचारणाऱ्याला दाखवा. भाषणात फक्त पैशांचे आकडे येऊ द्या, तेही दोन किंवा तीन.

लिहून झालं की सभेच्या आधी मुलीच्या घरी जा आणि सगळं भाषण जसंच्या तसं आईवडिलांना आणि मुलीला वाचून दाखवा. ‘तुमच्या मुलीबद्दल चांगलं बोलणार आहे’ एवढं सांगणं म्हणजे परवानगी नव्हे. मी वाचलं तेव्हा तिची आई म्हणाली, ‘घरात दुसरं पुस्तक नाही असं नका म्हणू गुरुजी, पोथी आहे की.’ ते वाक्य मी तिथेच खोडलं. मुलगी म्हणाली, त्या मुलाचं नाव सांगू नका, तो चिडेल. मी दोघांचीही नावं सांगितली नाहीत आणि तिचा फोटोही दाखवला नाही. त्याऐवजी ते पुस्तक, काटा टोचलेल्या पानासकट, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून बरोबर नेलं. गोष्ट सांगताना ते हातात धरलं आणि मग पहिल्या रांगेत देऊन टाकलं. पुस्तक सभेत फिरत राहिलं. फोटोपेक्षा त्याचा उपयोग जास्त झाला.

मागणीचा हिशोब आमचा असा होता. पहिली ते पाचवीच्या ४२ मुलांसाठी ३०० पुस्तकं, सरासरी ६० रुपयांप्रमाणे १८,०००. मुलांच्या उंचीच्या दोन उघड्या मांडण्या ९,०००. सतरंजी, कव्हरं, चिकटपट्टी आणि देवघेवीचं रजिस्टर मिळून ३,०००. दुसऱ्या वर्षी १०० नवी पुस्तकं, ६,०००. एकूण ३६,०००, म्हणजे ६०० रुपयांचे ६० वाटे. काचेच्या कपाटाचा मोह टाळा. कपाटाला कुलूप लागतं, किल्ली मुख्याध्यापकांकडे जाते, आणि ते रजेवर गेले की वाचनालय बंद. दुसऱ्या वर्षीच्या पुस्तकांचे पैसे याच वेळी मागा, कारण नेमाने वाचणारी मुलं वर्षभरात मांडणी संपवतात आणि त्यासाठी पुन्हा सभेत उभं राहायला तोंड राहत नाही.

हे मी बोललो ते भाषण. घड्याळ लावून म्हटलं तर तीन मिनिटांच्या आत होतं. पुस्तक फिरायला आणि लोकांना बोलायला उरलेला वेळ मोकळा सोडा.

‘मंडळी, नमस्कार. माझ्या हातात हे पुस्तक आहे ते आपल्या शाळेतलं. तुमच्यापैकी काहींनी लहानपणी हेच वाचलं असेल. विहिरीत पडलेल्या कोल्ह्याची गोष्ट आहे. कोल्हा पडतो, ओरडतो, वरून बोकड वाकून बघतो, आणि पुढची चार पानं नाहीत. गेल्या पावसाळ्यात वाळवीने खाल्ली.

आपल्या चौथीतल्या एका मुलीने हे पुस्तक वाचलं. तिचं नाव मी सांगत नाही, तिच्या घरच्यांना विचारून बोलतोय. ती माझ्याकडे आली आणि म्हणाली, गुरुजी, शेवटाला काय झालं? मला आठवेना. मी म्हटलं, तूच सांग. दुसऱ्या दिवशी तिने हे पान आणलं. बघा, बाभळीच्या काट्याने टाचलंय. तिच्या गोष्टीत बोकड कोल्ह्याला फसत नाही. तो गावात जाऊन दोर घेऊन येतो.

तिसरीतल्या एका पोराला हे पटलं नाही. तो म्हणाला, बोकड दोर कसा धरणार? त्यावर दोघं मधली सुट्टीभर भांडली. मंडळी, पंधरा वर्षं मी शिकवतोय, पुस्तकावरून भांडण मी पहिल्यांदाच सोडवलं.

आता ती मुलगी माझ्याकडे रोज दुसरं पुस्तक मागते. पेटीतली धड होती ती तिची वाचून झाली. माझ्याकडे द्यायला काही नाही.

मला शेवटचं पान शाबूत असलेली तीनशे पुस्तकं हवी आहेत, आणि ती मुलांच्या हाताला लागतील अशा दोन मांडण्या. पुढच्या वर्षी आणखी शंभर पुस्तकं. सगळा खर्च छत्तीस हजार. त्याचे सहाशे रुपयांचे साठ वाटे केले आहेत. एका वाट्यात दहा पुस्तकांचे पैसे येतात.

पैसे शाळा व्यवस्थापन समितीच्या खात्यावर जातील, माझ्या नाही. अध्यक्ष इथे बसले आहेत, पावती पुस्तक त्यांच्याकडे आहे. हे पुस्तक आता तुमच्यात फिरवतो. हातात येईल तेव्हा त्या पानावरचा शेवट वाचा, आणि एक वाटा उचलणार असाल तर अध्यक्षांना सांगा.’

एवढं बोलून मी खाली बसलो. इथे गप्प राहणं अवघड जातं, पण राहा. लोक शेजाऱ्याशी बोलतात, हिशोब करतात. त्या वेळी आपण ‘फूल ना फुलाची पाकळी’ म्हणालो की सहाशेचे शंभर होतात. मला त्या दिवशी ५८ वाटे मिळाले. उरलेले दोन गावातल्या बचत गटाच्या बायकांनी उचलले.

दोन गोष्टींत घाई करू नका. शिक्षकाच्या खासगी फोनवरच्या क्यूआरवर पैसे घेऊ नका, रक्कम कितीही लहान असो. समितीच्या खात्याचा क्यूआर छापून घ्या आणि रोख देणाऱ्याला जागेवर पावती फाडून द्या. आणि करसवलतीचं वचन तोंडातून जाऊ देऊ नका. ८०जी ची नोंदणी असलेल्या संस्थेमार्फत पैसे घेत असाल तरच ते बोला, आणि तेव्हाही सांगा की २,००० रुपयांच्या वरची रोख देणगी त्यात धरत नाहीत आणि नवी करप्रणाली घेणाऱ्याला ही वजावट मिळत नाही.

पैसे मिळाल्यावर तीन महिन्यांनी नवी मुंबईतल्या गावकऱ्यांच्या ग्रुपवर मी एकच निरोप टाकला. खर्चाची बिलं, मांडण्यांचा फोटो, आणि देवघेवीच्या रजिस्टरचं एक पान, मुलांच्या नावांवर कागद ठेवून काढलेलं. त्या पानावर एकच पुस्तक तीन आठवड्यांत सात जणांनी नेल्याची नोंद होती. खाली लगेच एकाने विचारलं, ‘कुठलं पुस्तक आहे ते?’ दुसऱ्याने त्याच्या आणखी दोन प्रती पाठवून दिल्या. त्या निरोपात मी पैसे मागितले नव्हते, तुम्हीही मागू नका.