रॉन्स्कियन एकाच बिंदूला शून्य आला तर?

*प्रश्न: x²y'' − 4xy' + 6y = 0 ची उत्तरं x² आणि x³. रॉन्स्कियन x⁴ आला, म्हणजे x = 0 ला शून्य. क्लासच्या नोट्समध्ये लिहिलंय की तो कुठेही शून्य झाला की उत्तरं डिपेंडंट. पण ही दोन एकमेकांच्या पटीत नाहीत हे तर दिसतंच आहे. मग हा फंडामेंटल सेट आहे की नाही? (टी.वाय.बी.एस्सी., पुणे)*

तुझं गणित बरोबर आहे, नोट्समधलं वाक्य अर्धवट आहे. सदाशिव पेठेत शिकवण्या घ्यायचो तेव्हा हेच अर्धं वाक्य मीही फळ्यावर लिहायचो, त्यामुळे नोट्सवाल्यांना फार बोलत नाही.

आधी रॉन्स्कियन W हा निश्चयक मुळात येतो कुठून ते बघ. y1, y2 ही दोन उत्तरं आहेत आणि x0 या बिंदूला y ची किंमत a, उतार b हवा आहे. मग c1, c2 शोधायचे:

```
c1·y1(x0)  + c2·y2(x0)  = a
c1·y1'(x0) + c2·y2'(x0) = b
```

दहावीत क्रेमरच्या पद्धतीने एकसामयिक समीकरणं सोडवलीस, त्यातला D म्हणजेच x0 पाशी रॉन्स्कियन. तो शून्य नसेल तर कुठल्याही a, b साठी c1, c2 ची एकच जोडी मिळते. इथपर्यंत नुसती दहावी. पुढची पायरी एकमेवतेच्या प्रमेयाची: त्याच a, b चं दुसरं उत्तर असूच शकत नाही. म्हणून प्रत्येक उत्तर c1·y1 + c2·y2 याच रूपात असतं, आणि फंडामेंटल सेट म्हणजे एवढंच.

उलट बाजूही त्याच प्रमेयावर उभी आहे. x0 ला D शून्य असेल तर दोन्ही शून्य नसलेले c1, c2 असे मिळतात की त्या बेरजेची किंमतही शून्य आणि उतारही शून्य. y = 0 हे उत्तरही तिथे तसंच वागतं. उत्तर एकच असल्यामुळे ती बेरीज सगळीकडे शून्य, म्हणजे उत्तरं डिपेंडंट. नोट्समधलं वाक्य हेच. पण एकमेवता कधी मिळते? y'' चा सहगुणक 1 करून y'' + p·y' + q·y = 0 असं लिहिल्यावर p आणि q ज्या इंटरव्हलवर कंटिन्युअस आहेत, तिथेच.

तुझ्या समीकरणाला x² ने भाग: p = −4/x, q = 6/x². दोन्ही x = 0 ला कोसळतात. आबेलच्या सूत्रानुसार W' = −pW, म्हणून W = C·x⁴. p नीट असेल त्या इंटरव्हलवर W एकतर कुठेच शून्य होत नाही किंवा सगळीकडे शून्य असतो. एखाद्याच बिंदूला शून्य आला तर तिथे p किंवा q बिघडलाय, नाहीतर आकडेमोड चुकली आहे, नाहीतर घेतलेली फलनं अशा एका समीकरणाची उत्तरंच नाहीत. तुझ्या बाबतीत पहिलं.

म्हणजे (0, ∞) वर x², x³ हा फंडामेंटल सेट आहे, (−∞, 0) वरही आहे. पूर्ण रेषेवर मात्र नाही, आणि खरी गंमत तिथे आहे. समीकरणात x = 0 टाकलं तर 6y = 0 उरतं, म्हणजे y(0) = 1 असं उत्तर नाहीच. उलट y(0) = 0, y'(0) = 0 अशी उत्तरं मात्र अगणित.

आता |x|³ घे. त्याचा पहिला डेरिव्हेटिव्ह 3x|x|, दुसरा 6|x|. समीकरणात घातलं की x²|x| चे सहगुणक 6 − 12 + 6, बेरीज शून्य. हेही पूर्ण रेषेवरचं उत्तर झालं. पण x², x³ पासून ते बनत नाही, कारण उजवीकडे x³ लागतो आणि डावीकडे −x³. शिवाय x³ आणि |x|³ यांचा रॉन्स्कियन सगळीकडे शून्य आहे, तरी ती इंडिपेंडंट आहेत: c1·x³ + c2·|x|³ = 0 मध्ये x = 1 घातलं तर c1 + c2 = 0, x = −1 घातलं तर −c1 + c2 = 0, म्हणून दोन्ही शून्य. पेआनोने 1889 मध्ये x² आणि x|x| घेऊन हाच सापळा दाखवला होता. ते x|x| इथे मात्र चालत नाही, कारण 0 ला त्याचा दुसरा डेरिव्हेटिव्हच नाही. याच कारणाने x² चा सहगुणक दोन्ही बाजूंना सारखा ठेवावा लागतो, x³ चा मात्र दोन्हीकडे वेगळा चालतो. म्हणून दुसऱ्या ऑर्डरच्या समीकरणाला पूर्ण रेषेवर तीन इंडिपेंडंट उत्तरं मिळतात: x², x³, |x|³.

पेपरात ‘x > 0 साठी’ एवढं आधी लिही आणि मग W = x⁴ ≠ 0 लिही.