आधी एक चट्टा, मग पाठभर पुरळ
प्रश्न: पोटावर एकच मोठा चट्टा आला, नायट्याचं मलम लावलं. दहा दिवसांनी पाठभर छोटे चट्टे उठले. औषधाशिवाय जाईल का?

बहुतेक वेळा जातं, साधारण ६ ते ८ आठवड्यांत. हा क्रम पिटिरायसिस रोझिया या त्वचेच्या पुरळाचा वाटतो. पहिला चट्टा नायट्यासारखाच दिसतो, म्हणून फसगत होते. नीट बघा: कडेच्या किंचित आत पातळ कोंड्याची झालर असते. पाठीवरचे लांबट चट्टे कण्यापासून दोन्ही बाजूंना तिरके उतरतात, ख्रिसमसच्या झाडाच्या फांद्यांसारखे, कारण ते त्वचेच्या ताणरेषांवर उठतात.

लहानपणीच अंगात शिरून सुप्त राहिलेले हर्पिस गटातले ६ आणि ७ क्रमांकाचे विषाणू पुन्हा जागे होतात, असं मानलं जातं. प्रतिकारशक्तीने त्यांना दाबलं की पुरळ ओसरतं. सावळ्या त्वचेवर डाग मात्र काही महिने रेंगाळतात.

खाज असेल तर खोबरेल तेल लावा, कडकडीत पाण्याने अंघोळ नको. स्टेरॉईड मिसळलेली मलमं स्वतःहून लावू नका. नायटा निघाला तर तो पसरेल. तळहात-तळपायांवर चट्टे असतील तर सिफिलिस या लैंगिक संबंधातून पसरणाऱ्या आजाराची रक्ततपासणी करायलाच हवी, त्याचंही पुरळ असंच दिसू शकतं. गरोदरपणात किंवा पुरळ ३ महिन्यांपुढे टिकलं तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा.