पावसात अडकलेल्या सात-आठ पोरांना घरात काय खेळायला द्यायचं?

प्रश्न: "शाळांना पावसाची सुट्टी आहे, घरात आमची आणि शेजारची मिळून ८ मुलं, वय ५ ते १२. नुसता धुडगूस चाललाय. मोबाईल न देता घरातल्या घरात कोणते खेळ खेळता येतील?"

आधी एक सांगते, ज्या खेळात पोरं आऊट होऊन बसतात ते घरात नकोच. आऊट झालेलं पोर गप्प बसत नाही, ते उठून दुसऱ्याला चिमटे काढतं आणि पाच मिनिटांत तिघं आऊट म्हणजे तिघं भांडतायत. आमच्याकडे कोकणात जुलैत भावंडं जमली की हेच व्हायचं. त्यामुळे शिवाजी म्हणतो खेळलात तरी चुकलेल्याला बाहेर काढू नका, रांगेत सगळ्यात मागे पाठवा, सगळ्यात पुढे जो उरेल तो पुढचा शिवाजी. हे वीस-पंचवीस मिनिटं खेळवा, म्हणजे अंगातली मस्ती जिरते. आंधळी कोशिंबीर मात्र नको, पावसात फरशी ओलसर असते, कोणीतरी आपटतंच.

मस्ती जिरली की मग पट काढा, चल्लस-आठचा. कुठे अष्टचंग म्हणतात, नियम घरोघरी थोडे बदलतात. बाजारातून काही आणावं लागत नाही. ओल्या फरशीवर खडू उमटत नाही म्हणून एखाद्या खोक्याचा पुठ्ठा घ्या, त्यावर ५ बाय ५ ची घरं आखा. चारही बाजूंच्या मधल्या घरात आणि अगदी मधोमध फुली मारा. बाजूच्या चार फुल्या म्हणजे चौघांची घरं, तिथे कोणी कोणाला मारू शकत नाही. सोंगट्या म्हणून बटणं, बांगड्यांचे तुकडे (टोकं बोथट बघून घ्या), शेंगांची टरफलं, काहीही चालतं, फक्त चौघांच्या वेगवेगळ्या ओळखू आल्या पाहिजेत.

कवड्या नसतील तर चार चिंचोके घ्या आणि मोठ्या पोरांना ते पायरीवर किंवा पाट्यावर एका बाजूने घासायला बसवा, आतलं पांढरं दिसेपर्यंत. यातच अर्धा तास जातो!! घासून घासून चिंचोका चांगला तापतो आणि मग तो एकमेकांच्या हाताला लावून चटका देणं सुरू होतं, त्यावर लक्ष ठेवा. घरात अगदी रांगतं बाळ असेल तर चिंचोके-बटणं खेळ झाल्या झाल्या मोजून डब्यात टाका, तोंडात जातात.

टाकल्यावर जितके पांढरे वर तितकं दान. चारही पांढरे म्हणजे चार, तेच चल्लस, आणि चारही काळे म्हणजे आठ. चार किंवा आठ पडले की परत टाकायचं. सोंगटी आपल्या घरातून निघून बाहेरची रांग घड्याळाच्या उलट दिशेने फिरते, आपल्या घराच्या आधीच्या घराला पोचली की आतल्या रांगेत वळते आणि आत मात्र घड्याळाच्या दिशेने फिरून मधल्या फुलीत जाते. म्हणजे बाहेर १५, आत ८ आणि शेवटचं १, मिळून २४ घरं. दुसऱ्याची सोंगटी असलेल्या घरात बरोब्बर पोचलात तर ती मेली, परत तिच्या घरी जाते, आणि मारणाऱ्याला अजून एक डाव. खरी गंमत पुढे आहे, एक तरी सोंगटी मारल्याशिवाय आतल्या रांगेत शिरताच येत नाही, बाहेरच गरागरा फिरत बसायचं. त्यामुळे पुढे गेलेला पण धोक्यात आणि मागे राहिलेला पण मजेत, शेवटपर्यंत कोणी बाद होत नाही.

तुमची आठ आहेत ना, मग जोड्या लावा, एक मोठं एक लहान. लहान टाकणार, मोठं सोंगटी हलवणार. पाच वर्षांचं पोर चार चिंचोके सहज मोजतं, पण कुठली सोंगटी हलवायची ते त्याला समजत नाही आणि बारा वर्षांचं नुसतं टाकायला कंटाळतं, असं दोघांचं जमतं. प्रत्येकी चार सोंगट्यांचा डाव लांबतो, पहिल्यांदा दोनच ठेवा.

भांडणं दोनच गोष्टींवरून होतात. एक चिंचोका दुसऱ्यावर चढला किंवा पुठ्ठ्याबाहेर उडाला तर काय, आणि मधल्या फुलीत जायला नेमकं दान पाहिजे की जास्त चालेल. आमच्याकडे चढला-उडाला की परत टाका, आणि शेवटी नेमकंच पाहिजे, दोन घरं उरली असतील तर दोनच. डाव मांडायच्या आधी हे त्याच पुठ्ठ्याच्या मागे लिहून ठेवा आणि लिहायला सगळ्यात भांडखोर पोराला बसवा.