आरडीडीचे समायोजन सूत्र पाठ न करता कसे सोडवावे?

प्रश्न: मी नाशिकला एफवायबीकॉमला आहे. अंतिम लेख्यांतील समायोजना मी पाठ करते, पण आकडे किंवा वाक्यरचना जरा बदलली की गोंधळ होतो, विशेषतः आरडीडीमध्ये. नोंदी समजून घेऊन उजळणी कशी करायची? एखाद्या सीनियरने सांगावे.

उत्तर:

मीही नाशिकलाच तृतीय वर्ष वाणिज्य शाखेत शिकतो, त्यामुळे तुला ‘तू’च म्हणतो आणि हे उत्तर पत्रासारखे लिहितो. सगळ्या समायोजनांबद्दल थोडे थोडे सांगण्यापेक्षा तू नाव घेतलेली एकच समायोजना, म्हणजे बुडीत कर्ज आणि संशयित कर्जासाठीची तरतूद अर्थात आरडीडी, शेवटपर्यंत पाहू. ‘जुने बुडीत कर्ज अधिक नवे बुडीत कर्ज अधिक नवा आरडीडी वजा जुना आरडीडी’ हे सूत्र वर्गात जवळजवळ प्रत्येकाला पाठ असते आणि तरीही सर्वांत जास्त गुण याच ठिकाणी जातात. याचे कारण असे की सूत्रातील चार आकडे चार वेगवेगळ्या वेळी घडलेल्या गोष्टींचे आहेत, आणि त्या कोणत्या हे सूत्र सांगत नाही.

पिंपळगाव बसवंतमधले खते आणि फवारणीची औषधे विकणारे एक काल्पनिक दुकान घे. ऑक्टोबरच्या छाटणीपासून द्राक्ष बागायतदार त्याच्याकडून उधारीवर माल नेतात आणि द्राक्षे निघून हातात पैसे आले की उधारी फेडतात. 31 मार्चला हिशेबाचे वर्ष संपते तेव्हा बरीच उधारी अजून यायची असते. समजा, 31 मार्च 2024 रोजी ऋणकोंकडून 4,00,000 रुपये येणे आहे. दुकानदाराला अनुभवाने ठाऊक आहे की यातले काही पैसे येणार नाहीत, कारण एखाद्याच्या बागेवर गारपीट झालेली असते आणि एखाद्याला द्राक्षे घेणाऱ्या व्यापाऱ्यानेच बुडवलेले असते. मात्र नेमके कोणाचे पैसे बुडतील हे त्या दिवशी सांगता येत नाही.

आता तू स्वतःला दोन प्रश्न विचार. पहिला असा की, अजून न झालेला तोटा आजच का लिहायचा? त्याचे उत्तर विक्रीत आहे. ही उधारीची विक्री 2023-24 च्या नफ्यात धरली गेली आहे, तेव्हा त्या विक्रीमुळे होणारा तोटाही त्याच वर्षाच्या नफ्यातून वजा व्हायला हवा. दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा आहे. ही रक्कम सरळ ऋणकोंच्या खात्यात जमा करून त्यांचे येणे कमी का करायचे नाही? कारण खतावणीत प्रत्येक ग्राहकाचे खाते त्याच्या नावाने असते आणि कोणाचे खाते कमी करायचे हेच ठाऊक नाही. म्हणून ती रक्कम एका वेगळ्या खात्यात जमा करून ठेवतात, आणि ते खाते म्हणजे आरडीडी. 5 टक्के दराने नोंद अशी होते:

नफा-तोटा खाते नावे 20,000
आरडीडी खात्याला 20,000

आरडीडीची शिल्लक जमा बाजूला का असते आणि ताळेबंदात ती ऋणकोंमधून वजा का दाखवतात, या दोन्हींचा उलगडा या एका नोंदीत होतो. त्यासाठी वेगळे काही पाठ करावे लागत नाही.

पुढच्या वर्षी, 2024-25 मध्ये, एका ग्राहकाचे 12,000 रुपये येणार नाहीत हे नक्की झाले. आता नाव ठाऊक आहे, त्यामुळे त्याचेच खाते बंद करता येते. दुकानदार ‘बुडीत कर्ज खाते नावे 12,000, त्या ऋणकोच्या खात्याला 12,000’ अशी नोंद करतो. ही नोंद वर्ष चालू असतानाच झाली, खतावणीत दोन्ही खात्यांत चढली आणि मग 31 मार्च 2025 ची तेरीज काढली गेली. त्या तेरजेत ऋणको 5,00,000 रुपये नावे, बुडीत कर्ज 12,000 रुपये नावे आणि आरडीडी 20,000 रुपये जमा आहे असे धर. समायोजनेत म्हटले आहे की आणखी 10,000 रुपये बुडीत म्हणून लिहून टाका आणि ऋणकोंवर 5 टक्के आरडीडी ठेवा.

इथे थांबून प्रत्येक आकड्यामागे कोणती नोंद झाली आहे आणि कोणती बाकी आहे ते पाहा. तेरजेतील 12,000 ची नोंद पूर्ण झालेली आहे, म्हणजे 5,00,000 हा आकडा ते 12,000 गेल्यानंतरचाच आहे. ते पुन्हा ऋणकोंमधून वजा करायचे नाहीत. समायोजनेतील 10,000 ची नोंद मात्र अजून झालेली नाही. ती तुला करायची आहे, म्हणून तिचे दोन्ही परिणाम दाखवायला हवेत: बुडीत कर्ज 10,000 ने वाढून 22,000 होईल आणि ऋणको कमी होऊन 4,90,000 राहतील. ‘तेरजेतील बाब एकदा, समायोजनेतील बाब दोनदा’ हा जो नियम शिक्षक सांगतात तो एवढाच आहे.

नवा आरडीडी 4,90,000 वर काढायचा. जे 10,000 बुडाले हे आता नक्की आहे, त्यांच्याबद्दल संशय उरलेला नाही, मग त्यांच्यासाठी तरतूद कशाला? 4,90,000 चे 5 टक्के म्हणजे 24,500.

आता सूत्राकडे न पाहता आरडीडीचे खाते कच्च्या पानावर मांड. जमा बाजूला गेल्या वर्षी बाजूला ठेवलेले 20,000 आहेत. बुडीत कर्जाचे 22,000 या खात्याच्या नावे बाजूला येतील, कारण ती रक्कम अशाच तोट्यासाठी ठेवली होती. वर्षअखेर खात्यात 24,500 शिल्लक हवी. नावे बाजूची बेरीज 22,000 अधिक 24,500 म्हणजे 46,500 झाली, जमा बाजूला फक्त 20,000 आहेत, तेव्हा कमी पडणारे 26,500 या वर्षीच्या नफ्यातून आणावे लागतील. नफा-तोटा खात्याच्या नावे बाजूला हेच 26,500 जातात. ताळेबंदात 5,00,000 मधून 10,000 आणि 24,500 वजा होऊन ऋणको 4,65,500 दिसतात. तुझे पाठ केलेले सूत्रही 26,500 हेच उत्तर देते, कारण ते या खात्याचाच संक्षेप आहे.

चूक झाली तर ती कशी ओळखायची, हेही नोंदींवरूनच कळते. समजा कोणी तेरजेतले 12,000 ऋणकोंमधून पुन्हा वजा केले, तर ताळेबंदाची मालमत्ता बाजू बरोबर 12,000 ने कमी भरते. फरक तेरजेतल्या एखाद्या आकड्याइतकाच असेल, तर त्या आकड्याचा एकच परिणाम द्यायचा असताना दोन दिले गेले असावेत, असा पहिला संशय घ्यावा. याउलट कोणी 10,000 वजा न करता 5,00,000 वरच 5 टक्के काढले, तर आरडीडी 25,000 येतो, नफा 500 ने कमी होतो, ऋणकोही 500 ने कमी होतात आणि ताळेबंद जुळतो. ही चूक जास्त धोक्याची आहे, कारण विद्यार्थी जुळलेला ताळेबंद पाहून निर्धास्त होतो. ताळेबंद जुळणे याचा अर्थ प्रत्येक रकमेचे दोन्ही परिणाम दिले गेले, इतकाच आहे. ती रक्कम योग्य पायावर काढली आहे की नाही, हे ताळेबंद सांगू शकत नाही.

पाठांतराची खरी परीक्षा त्याच्या पुढच्या वर्षी होते. समजा 2025-26 मध्ये वसुली चांगली झाली, ऋणको 3,00,000 वर आले, तेरजेत बुडीत कर्ज फक्त 2,000 आहे आणि आरडीडी पुन्हा 5 टक्के ठेवायचा आहे. सूत्रात आकडे घातले की 2,000 अधिक 15,000 वजा 24,500, म्हणजे उणे 7,500 येतात आणि अनेकांचे पेन इथे अडते. काही जण उणे चिन्ह गाळून ती रक्कम खर्चात टाकतात. खाते मांडणाऱ्याला मात्र अडचण येत नाही. जमा बाजूला 24,500 आहेत, त्यातून 2,000 तोट्यासाठी गेले, 15,000 पुढे न्यायचे आहेत, आणि उरलेल्या 7,500 ची आता गरज नाही. ते नफ्यातूनच काढून ठेवलेले होते, म्हणून नफ्यातच परत जातील, म्हणजे नफा-तोटा खात्याच्या जमा बाजूला.

ऋणकोंवरील कसर, म्हणजे डिस्काउंटची तरतूदही दिली असेल, तर तिचा क्रम याच विचाराने लागतो. जो पैसेच देणार नाही असे आपण धरले आहे त्याला सूट देण्याचा प्रश्न येत नाही, म्हणून ती तरतूद आरडीडी वजा केल्यानंतरच्या रकमेवर काढतात. वरच्या 2024-25 च्या उदाहरणात 2 टक्के सूट असती, तर ती 4,65,500 वर, म्हणजे 9,310 रुपये आली असती.

उजळणीसाठी मी सुचवतो ती पद्धत संथ आहे, पण सुरुवातीला तशीच ठेव. सोडवून झालेले एखादे जुने गणित घे, उत्तर झाक आणि अंतिम लेख्यांना हात लावण्याआधी प्रत्येक समायोजनेची पूर्ण किर्द नोंद समासात लिही. नोंद लिहिताना हे कधी घडले आणि तेरीज काढण्यापूर्वी याची नोंद झाली होती का, एवढेच पाहा. नोंदीतली नावे बाजू आणि जमा बाजू म्हणजेच तुला शोधायचे दोन परिणाम, त्यामुळे पुढचे काम फक्त त्यांना योग्य जागी बसवण्याचे उरते. आरडीडी असेल तर त्याचे खातेही मांड. हात बसला की समासातली नोंद मनात होऊ लागते, आणि मग परीक्षेत जलद म्हणून सूत्र वापरायलाही काही हरकत नाही.

नंतर तेच गणित स्वतः बदलून सोडव. तेरजेतले बुडीत कर्ज समायोजनेत ने, समायोजनेतले तेरजेत आण आणि उत्तर किती व का बदलते ते ताडून पाहा. आपल्या उदाहरणात समायोजनेतले 10,000 तेरजेत आणलेस, तर बुडीत कर्ज 22,000 होईल आणि त्याबरोबर ऋणकोही 4,90,000 करावे लागतील, कारण तेरीज जुळलेलीच असते. तसे केलेस तर नफा-तोटा खात्याचे 26,500 आणि ताळेबंदातले 4,65,500 जसेच्या तसे राहतील.

अंतिम लेख्यांचा आराखडा मात्र पाठच करावा लागतो. कोणती बाब व्यापार खात्यात, कोणती नफा-तोटा खात्यात आणि ताळेबंदात कोणत्या क्रमाने, यांतला बराच भाग ठरवून दिलेला आहे. तो कोरा आराखडा रोज एकदा न पाहता लिहून काढ आणि उरलेला वेळ नोंदींना दे.