दाखला अडकला तर दिवस कुठून मोजायचे

तुमचा उत्पन्नाचा दाखला अडकलाय, तर आधी आपले सरकार पोर्टलवर अर्ज क्रमांक टाकून तो कुठल्या टेबलावर आहे ते बघा. पंधरा दिवसांची मुदत सगळी कागदपत्रं जोडून अर्ज पूर्ण झाल्यापासून धरतात. माझ्या भाच्याने 2 जूनला अर्ज केला, पण रेशनकार्डाचा स्कॅन अस्पष्ट म्हणून 9 तारखेला त्रुटी आली. ती त्याने पाहिलीच नाही. 17 तारखेला तो तहसीलमध्ये भांडायला गेला, तेव्हा अर्ज त्याच्याच लॉगिनमध्ये पडून होता!

त्रुटी नसेल आणि मुदत संपली असेल, तर सेतूवाल्याला रोज फोन करू नका, त्याच्या हातात काही नसतं. मुदत संपल्यापासून 30 दिवसांत लोकसेवा हक्क कायदा, 2015 खाली प्रथम अपील करा. अपिलीय अधिकाऱ्याचं पद कार्यालयातल्या फलकावर लिहिलेलं असतं. अपिलात अर्ज क्रमांक, पावतीची तारीख, मुदत संपल्याची तारीख एवढंच लिहा, सोबत पावती जोडा. पावती मात्र जपा, तिच्याशिवाय तारीख सिद्ध करणं फार अवघड जातं. तिथेही दाद मिळाली नाही तर द्वितीय अपील.