सरासरी बरोबर असूनही दुपारचे स्लॉट का चुकतात?

"प्रत्येक कॉलला सरासरी ५० मिनिटं आणि प्रवासाला २५ मिनिटं धरून इंजिनिअरचा दिवस लावतो. सकाळचे दोन कॉल वेळेत होतात, दुपारनंतर सगळं कोलमडतं. अर्ध्या तासाचे स्लॉट देतोय. प्रवासाचा अंदाज चुकतोय का?"

प्रवासाचा अंदाज थोडाफार चुकत असेलच. नकाशा गाडी चालवायचा वेळ सांगतो. पार्किंग, गेटवरची नोंद आणि लिफ्टची वाट त्यात नसते. पण मुख्य दोष तिथे नसावा. आमच्याकडे वर्षभर हेच चाललं होतं आणि आम्हीही आधी प्रवासालाच झोडपलं.

तुमचेच आकडे घेऊन एक सकाळ मांडतो. पहिला कॉल ९ वाजता, पुढचे स्लॉट १०:१५ ते १०:४५ आणि ११:३० ते १२. पहिलं काम २५ मिनिटांत उरकलं. इंजिनिअर ९:५० ला दुसऱ्या ग्राहकाच्या दारात, पण तिथे १०:१५ शिवाय कोणी भेटणार नाही. तो २५ मिनिटं खाली बसून राहिला. दुसरं काम निघालं ९५ मिनिटांचं, म्हणजे ११:५०. तिसऱ्याकडे पोहोचला १२:१५ ला. स्लॉट गेला. तिसरं काम ३० मिनिटांत झालं. आता तिन्ही कामांची बेरीज करा: १५० मिनिटं, सरासरी बरोब्बर ५०! तरी स्लॉट चुकला. दुसऱ्या ग्राहकाने ९:५० ला दार उघडलं असतं, तर इंजिनिअर तिसऱ्याकडे ११:५० ला पोहोचला असता.

झालेला उशीर पुढच्या कॉलवर जातो, वाचलेला वेळ मात्र दारात उभं राहण्यात संपतो. त्यामुळे सरासरीवर लावलेला दिवस एकाच बाजूला कलतो आणि जितके कॉल जास्त तितका शेवटचा ग्राहक जास्त भरडला जातो.

आम्हाला सगळ्यात महागात पडली ती मात्र वेगळीच चूक. आमची ५० मिनिटांची सरासरीच खोटी होती. प्लॅनिंगचं काम बघणारं एक ऑफिस होतं (नाव घेत नाही), ते क्लोज झालेल्या सगळ्या व्हिजिटमधून हा आकडा काढायचं. त्यात ग्राहक घरी नाही, पार्ट नाही म्हणून दहा मिनिटांत परत फिरलेल्या व्हिजिटही धरलेल्या. दहा व्हिजिटपैकी आठ खऱ्या दुरुस्त्या ६० मिनिटांच्या आणि दोन नुसत्या फेऱ्या १० मिनिटांच्या असतील, तर सरासरी ५० येते. म्हणजे प्रत्येक खऱ्या कामात दहा मिनिटं आधीच कापलेली. मी तीनदा मेल केला. तिन्ही वेळा उत्तर एकच, "सिस्टीममधला आकडा बरोबर आहे." होताच बरोबर, फक्त तो दुरुस्तीचा नव्हता! तोवर शिव्या मात्र इंजिनिअर खात होते आणि दोन चांगली मुलं सोडून गेली. असो.

त्यामुळे आधी अर्धवट व्हिजिट बाजूला काढा आणि उरलेल्या कामांच्या प्रकारानुसार वेगळ्या वेळा बघा. मग सरासरीऐवजी दहापैकी आठ कामं किती वेळात संपतात तो आकडा घ्या. सगळीकडे नको, नाहीतर दिवसात तीनच कॉल बसतील. ज्या कामाचा काही नेम नाही, म्हणजे "मध्येच बंद पडतं" वगैरे तक्रारी, तिथेच तो वापरा आणि अशी कामं दिवसाच्या शेवटी टाका. त्यांच्यामागे कोणी वाट बघत नसतं. ठराविक सर्व्हिसिंग सकाळी. अर्ध्या तासाचे स्लॉट फक्त पहिल्या कॉलला द्या. दुपारी दोन तासांपेक्षा कमी शब्द देऊ नये असं माझं मत आहे, सेल्सवाले कितीही कुरकुरले तरी.

एक फुकटचा उपाय आहे. बुकिंग घेतानाच विचारा, "इंजिनिअर लवकर आला तर चालेल का?" हो म्हणणाऱ्यांवर खूण करा आणि ज्या कामाची वेळ वरखाली होते त्याच्या लगेच नंतर त्यांना लावा. वाचलेली मिनिटं तिथे कामी येतात.

आणि आकडे तपासताना इंजिनिअर कॉल कधी क्लोज करतात तेही बघा. संध्याकाळी ६ नंतर पाच-सहा कॉल लागोपाठ क्लोज झालेले दिसले, तर त्या वेळा टाकून द्या, त्यातून काहीच कळत नाही. आमचा अनुभव घरगुती यंत्रांचा आहे. करारात ठराविक तासांत पोहोचायची अट असेल, तर कामं शेवटी ढकलण्याचं माझं गणित तुम्हाला जसंच्या तसं चालणार नाही.