हँगिंग चेअरच्या हुकावर छापलेले 300 किलो आणि स्लॅबमधलं भोक

प्रश्न: घोडबंदर रोडला नवव्या मजल्यावर फ्लॅट आहे. हॉलमध्ये खिडकीजवळ वेताची हँगिंग चेअर टांगायची आहे. खुर्चीबरोबर एक हूक आणि बोल्ट आलाय, त्यावर '300 किलो' लिहिलंय. माझं वजन 82 किलो, पाच वर्षांची मुलगीही अंगावर येऊन बसणार. इलेक्ट्रिशियन म्हणतो, फॅनच्या हुकालाच अडकवू. काय करावं?

उत्तर:

फॅनच्या हुकाला अडकवू नका. पंख्याचं वजन चार-पाच किलो असतं आणि तो हूक तेवढ्याच हिशोबाने टाकलेला असतो. स्लॅब भरताना फॅनच्या बॉक्समधली सळई वरच्या जाळीवर नीट आडवी टाकली होती की नुसती बाइंडिंग वायरने बांधून सोडली होती, हे आज खालून कुणालाच कळणार नाही. दिसत नाही त्या गोष्टीवर मुलीला बसवायचं नाही, एवढं साधं आहे.

आता ते 300 किलो. मी ठाणे-नवी मुंबईत साइटवर अँकरिंगची कामं करतो आणि हा गैरसमज जवळजवळ प्रत्येक घरी भेटतो. हुकावर छापलेला आकडा हा लोखंडाचा असतो, तुमच्या छताचा नाही. बऱ्याचदा तो मोडायचा भार असतो, रोज वापरायचा नव्हे. हूक तुटून खुर्ची पडल्याचं मी फार कमी पाहिलंय. हूक शाबूत राहतो आणि बोल्टसकट बाहेर येतो. म्हणून विचार उलट्या बाजूने करायचा: आधी भार किती, मग भोकातला बोल्ट तो किती धरेल, आणि हूक शेवटी.

तुमचा भार काढू. तुम्ही 82, मुलगी धरा 18, वेताची खुर्ची गादीसकट 24. झाले 124 किलो, तेही सगळे शांत बसले तर. झोका घेतला की ताण वाढतो. 45 अंशांपर्यंत झोका गेला तर सर्वांत खालच्या बिंदूवर ताण साधारण 1.6 पट होतो, 60 अंशांना बरोबर दुप्पट. झोका न घेताही, खुर्चीत एकदम अंग टाकलं की क्षणभर दुप्पट भार येतोच. तेव्हा 250 किलो धरा, म्हणजे अडीच किलोन्यूटन. अँकरचे तक्ते किलोन्यूटनमध्येच असतात, एक किलोन्यूटन म्हणजे ढोबळमानाने 100 किलो.

स्लॅबची काळजी मात्र करू नका. घरातल्या खोलीचा स्लॅब चौरस मीटरला 200 किलो वापराचा भार धरून डिझाइन केलेला असतो. धडधाकट स्लॅबला तुमची खुर्ची काहीच नाही. प्रश्न फक्त त्या एका जागेचा आहे.

स्लॅब भाराने किंचित वाकतो, त्यामुळे खोलीच्या मध्यावर त्याची खालची बाजू ताणात असते आणि तिथे केसासारखे तडे असणं नैसर्गिक आहे. डोळ्यांना दिसत नाहीत, पण भोकातून असा तडा गेला तर साधा फास्टनर ढिला पडतो. म्हणून दुकानात 'तडा गेलेल्या काँक्रीटसाठी' प्रमाणित केलेला वेज अँकर मागा, ज्याला काही जण थ्रू बोल्ट म्हणतात. नामांकित कंपन्या तक्ता देतात. त्यात तडा गेलेल्या काँक्रीटचा रकाना बघा आणि त्यातला शिफारस केलेला भार धरा, मोडायचा भार नव्हे. एम-8 च्या चांगल्या बोल्टला तो साधारण दोन किलोन्यूटनच्या आसपास असतो. खुर्चीबरोबर आलेला पातळ स्लीव्हचा बोल्ट कंपनीचं नाव आणि तक्ता नसेल तर बाजूला ठेवा. प्लॅस्टिकच्या गिट्टीचा तर विषयच नको.

एकच आय बोल्ट छतात ठोकण्यापेक्षा चार भोकांची प्लेट घ्या. 6 मिलिमीटर जाडीची प्लेट आणि तिला दोन्ही बाजूंनी वेल्डिंग केलेली 12 मिलिमीटर सळईची बंद कडी, कोणताही फॅब्रिकेटर करून देईल. उघड्या तोंडाचा हूक नको, झोक्यात साखळी उडून बाहेर येऊ शकते. खुर्ची झुलते तेव्हा भार तिरका लागतो. एकट्या बोल्टचा दांडा त्याने थोडा थोडा वाकत राहतो आणि नट सैल होतो. प्लेट तो तिरकेपणा चार बोल्टांत वाटून घेते.

पण चार बोल्ट म्हणजे चौपट ताकद, असंही समजू नका. प्रत्येक बोल्ट काँक्रीटचा एक उलटा शंकू धरून बसलेला असतो. त्या शंकूचा व्यास बोल्टच्या खोलीच्या तिप्पट असतो. बोल्ट 50 मिलिमीटर खोल असतील आणि एकमेकांपासून 80 वर असतील, तर शंकू एकमेकांत शिरतात आणि काँक्रीटची पकड जेमतेम सव्वादोनपट होते. तुमच्या कामाला तेही भरपूर आहे. चार एम-8 मिळून साडेचारेक किलोन्यूटन धरतील, लागतात अडीच. उद्या दोन बोल्ट ढिले पडले तरी खुर्ची खाली येणार नाही. प्लेट घ्यायचं खरं कारण हेच आहे.

खोलीचा हिशोब काँक्रीटच्या पृष्ठभागापासून करायचा, प्लास्टरपासून नाही. बहुतेक लोक इथेच फसतात. छताला 10 मिलिमीटर प्लास्टर किंवा पीओपी असेल तर 50 चा बोल्ट खरा 40 च खोल बसतो, आणि काँक्रीटची पकड खोलीपेक्षा वेगाने घटते: 50 चे 40 झाले की ती जवळपास 30 टक्क्यांनी कमी होते. शिवाय प्लेट प्लास्टरवर टेकली तर प्लास्टर हळूहळू चुरतं आणि नटाचा ताण निघून जातो. म्हणून प्लेटच्या आकाराएवढं प्लास्टर छिन्नीने काढून प्लेट थेट काँक्रीटवर बसवा. तुमची इमारत मायवानची, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या साच्यात ओतलेली असेल तर प्लास्टर नसेलच, नुसती पुट्टी असेल, ती खरवडली की झालं. फॉल्स सीलिंग असेल तर जिप्सम कापून वर स्लॅबपर्यंत जावंच लागतं. लांब रॉड खाली लोंबकळत सोडू नका, झोक्याने तो वाकतो. कडी वर स्लॅबलाच ठेवा आणि खाली साखळी येऊ द्या.

भोक पाडण्याआधी एक गोष्ट नक्की विचारा: स्लॅब पोस्ट-टेन्शन्ड आहे का? हल्लीच्या काही टॉवरमध्ये असतो. त्यात ताणलेल्या केबल असतात, त्यातली एक तुटली तर प्रकरण तुमच्या घरापुरतं राहत नाही. सोसायटीकडे किंवा बिल्डरकडे ड्रॉइंग असतं. तसा स्लॅब असेल तर ड्रॉइंगशिवाय ड्रिल लावायचंच नाही. साधा स्लॅब असेल तर तो सहसा चार ते सहा इंच जाड असतो. त्यात वायरिंगचे पाइप फॅनच्या बॉक्सपासून भिंतींकडे आणि दुसऱ्या पॉइंटकडे जातात, त्या रेषा टाळा आणि एमसीबी बंद ठेवा.

खालची सळई काँक्रीटच्या आत 20 मिलिमीटरच्या पुढे लागते आणि सळयांमध्ये चार ते सहा इंचांचं अंतर असतं. म्हणजे चारपैकी एखादं भोक सळईवर येण्याची चांगलीच शक्यता आहे. सळई शोधायचं यंत्र भाड्याने मिळतं, ते आणा. नाहीतर ड्रिल अचानक पुढे सरकेनासं झालं, आवाज बदलला आणि भोकातून चकचकीत कीस पडू लागला की समजा सळई आली. मिस्त्री म्हणेल, 'साहेब, मेटल बिट लावून पार करतो.' करू देऊ नका. प्लेट सरकवा आणि जुनं भोक नॉन-श्रिंक ग्राउटने भरा.

ड्रिल साधं नको, एसडीएस हॅमर ड्रिल हवं. बिट बोल्टच्या मापाचाच घ्यायचा: एम-8 च्या वेज अँकरला 8 चा. भोक बोल्टपेक्षा दहा-पंधरा मिलिमीटर जास्त खोल घ्या. मग ब्रश आणि हवेचा पंप, दोन-तीनदा आलटून पालटून, भुकटी पडायची थांबेपर्यंत. डोक्यावर काम आहे, चष्मा लावा. बोल्ट हातोडीने ठोकून वॉशर प्लेटला टेकवा आणि टॉर्क रेंचने पाकिटावर लिहिलेल्या टॉर्कपर्यंत आवळा. नट फिरतोय पण ताण येतच नाही, असं झालं तर भोक मोठं झालंय किंवा काँक्रीट कच्चं आहे. तो बोल्ट मोजायचाच नाही.

भोकात चिकट रसायन भरून बसवायचा केमिकल अँकर जास्त भक्कम, असं कुणी सांगेल. योग्य केमिकल नीट भरलं तर तो उत्तम असतो, पण छतात भरताना ते खाली ओघळतं आणि आत पोकळी राहिली तरी बाहेरून कळत नाही. 2006 मध्ये बॉस्टनच्या बोगद्यात छताचे पॅनेल पडून एका महिलेचा जीव गेला. चौकशीत निघालं की तिथे वापरलेलं लवकर सुकणारं इपॉक्सी सतत लटकत्या भाराखाली हळूहळू सरकत होतं. घरच्या कामाला मी वेजच घेतो.

लावल्यावर लगेच बसू नका. 50 किलोच्या सिमेंटच्या पाच गोण्या भक्कम दोरीने जमिनीपासून वीतभर उंचीवर टांगा, खाली जुनी गादी, आणि तासभर कुणी जवळ जायचं नाही. त्याआधी प्लेटच्या कडेने छतावर पेन्सिलने रेघ मारून ठेवा. प्लेट सरकली नाही, फट पडली नाही, तर काम पक्कं. आठवड्या-दोन आठवड्यांनी नट एकदा पुन्हा त्याच टॉर्कला आवळा. सुरुवातीला ताण थोडा उतरतोच. पण तिसऱ्यांदाही नट फिरला, खाली फरशीवर पांढरी भुकटी दिसली किंवा प्लेटभोवती गोल तडा आला, तर खुर्ची उतरवा.

वाशी-नेरूळच्या जुन्या इमारतींतले वाचक असतील तर: छतावर तपकिरी डाग असतील, प्लास्टर फुगलं असेल किंवा ठोकल्यावर पोकळ आवाज येत असेल, तर यातलं काहीही करू नका, स्टँडवाली खुर्ची घ्या. बाल्कनीच्या पुढे आलेल्या स्लॅबलाही मी टांगत नाही.

सोसायटीला आधी कळवा, वरच्या मजल्यावर चांगलाच आवाज जातो. आणि दर पावसाळ्यानंतर खुर्ची काढून कडी आणि तिच्यात साखळी अडकवणारा कॅरॅबिनर जिथे एकमेकांवर घासतात ती जागा बघा. नखाला लागेल एवढी खाच पडली असेल तर कॅरॅबिनर बदला. चेअरला स्प्रिंग असेल तर तिला समांतर एक सुट्टी साखळी ठेवा, म्हणजे स्प्रिंग तुटली तरी खुर्ची साखळीवर अडकते.